हृदयाच्या चाचणीत मूत्रपिंडाचा हिशेब

विशेष प्रतिनिधी

मधुमेह असलेल्या ६८ वर्षांच्या एका महिलेचे उदाहरण घेऊ. रात्री अचानक धाप लागल्याने तिला घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेण्यात आले. तेथे रक्तातील 'बीएनपी' २१० भरले. सकाळी मोठ्या रुग्णालयात हलविल्यावर दुसरा अहवाल आला, 'एनटी-प्रोबीएनपी' १४५०. एका रात्रीत आकडा सातपट वाढला, असे समजून नातेवाईक हादरले. प्रत्यक्षात काहीच वाढले नव्हते. दोन प्रयोगशाळांनी दोन वेगवेगळे पदार्थ मोजले होते.

एकाच रेणूचे दोन तुकडे

हृदयाच्या कप्प्यांवर दाब वाढून त्यांच्या भिंती ताणल्या गेल्या की तेथील पेशी 'प्रोबीएनपी' नावाचे प्रथिन तयार करतात. त्याचे दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे बीएनपी. तो कामाचा असतो. रक्तवाहिन्या सैल करून आणि लघवीवाटे क्षार व पाणी बाहेर टाकून तो हृदयावरचा भार हलका करतो. उरलेला ७६ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. त्याला असे काही काम नसते. पण हृदयावर ताण आल्याची साक्ष तोही देतो. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना बीएनपी प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून नावात 'ब्रेन' आले. ते मुख्यतः हृदयात तयार होते, हे नंतर कळले.

दोन्ही तुकडे सारख्याच संख्येने सुटतात, तरी रक्तात सारखे राहत नाहीत. बीएनपीचे प्रमाण साधारण वीस मिनिटांत निम्मे होते, कारण पेशींवरील ग्राहक आणि 'नेप्रिलायसिन' हे विकर त्याचा निकाल लावतात. एनटी-प्रोबीएनपीला त्यासाठी एक ते दोन तास लागतात. म्हणून त्याचा आकडा नेहमीच बराच मोठा असतो, आणि एकाला ठरावीक संख्येने गुणून दुसरा काढता येत नाही.

मर्यादा का बदलते?

अचानक धाप लागलेल्या रुग्णात बीएनपी १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० पेक्षा कमी असेल, तर हृदय निकामी झाल्याची शक्यता फारच कमी उरते. निदान पक्के करण्यासाठी एनटी-प्रोबीएनपीची मर्यादा वयानुसार ठरते. पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तरपर्यंत ९०० आणि त्यापुढे १८००. या हिशेबाने १४५० हा आकडा हृदयाकडेच बोट दाखवितो.

परंतु या महिलेचे क्रिएटिनिन २.१ होते. त्यावरून काढलेला मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, सुमारे २५ येतो. निरोगी तरुण माणसात तो ९० च्या वर असतो. दोन्ही तुकडे काही अंशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावले की दोन्ही साचतात. आजार तीव्र झाला की एनटी-प्रोबीएनपी अधिक साचते, कारण बीएनपीला निचऱ्याच्या इतर वाटा आहेत. म्हणून ईजीएफआर ६० च्या खाली असल्यास बीएनपीसाठी सुमारे २०० आणि एनटी-प्रोबीएनपीसाठी सुमारे १२०० ही मर्यादा सुचविण्यात आली आहे. या मोजपट्टीवर २१० आणि १४५० हे दोन्ही आकडे रेषेच्या जेमतेम वर आहेत. म्हणजे दोन्ही अहवाल एकच गोष्ट सांगत होते, ती म्हणजे केवळ आकड्यावरून निकाल देता येणार नाही.

डॉक्टरांनी मग इतर पुरावे पाहिले. पायांवर सूज नव्हती, मानेतील शिरा फुगलेल्या नव्हत्या, टूडी-इकोमध्ये हृदयाचे आकुंचन चांगले होते आणि दाब वाढल्याची लक्षणे नव्हती. ताप मात्र होता, आणि क्ष-किरण चित्रात उजव्या फुप्फुसात न्यूमोनियाचा डाग होता. प्रतिजैविकांनी धाप थांबली. तीन आठवड्यांनी, पूर्ण बरे वाटत असताना, एनटी-प्रोबीएनपी १३८० भरले. हा तिचा नेहमीचा आकडा. पुढे कधी धाप लागून तो चार-पाच हजारांवर गेला, तर त्याचा अर्थ वेगळा असेल. तो जुना आकडा जपून ठेवणे म्हणूनच मोलाचे.

याचा उलट अर्थ काढणेही धोक्याचे आहे. 'मूत्रपिंडामुळे वाढले असेल' म्हणून मोठा आकडा सोडून देता येत नाही, कारण अशा रुग्णांच्या हृदयावर बहुधा खरोखरच ताण असतो. लठ्ठ व्यक्तींत मात्र दोन्ही आकडे अपेक्षेपेक्षा कमी येतात.

आणखी एक खुबी औषधाची. २०१५ पासून वापरात आलेले सॅक्युबिट्रिल-वलसार्टन हे संयुक्त औषध नेप्रिलायसिनला रोखते. त्यामुळे रुग्ण सुधारत असतानाही बीएनपी वाढलेले दिसू शकते. नेप्रिलायसिन एनटी-प्रोबीएनपीला हात लावत नाही, म्हणून अशा रुग्णांसाठी तीच चाचणी भरवशाची. अहवाल हाती आल्यावर आधी चाचणीचे नाव, मग क्रिएटिनिन आणि त्यानंतरच आकडा पाहावा.