माहेरी जाण्याआधीचा पाऊण तास

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत अजून पाळली जाते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि पहिलटकरीण आईकडे जाते. म्हणजे गरोदरपण नाजूक वळणावर येतं, नेमकं तेव्हाच तिचं गाव बदलतं, उपकेंद्र बदलतं, आशाताई बदलते. "चला, आत्ताच दवाखान्यात जाऊ" असं रात्री ठरवणारी माणसंसुद्धा बदलतात. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब वाढून उद्भवणारा त्रास पहिल्या गरोदरपणात अधिक दिसतो. तो बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत डोकं वर काढतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिलटकरणींना शिकवण्याचा आराखडा करायचा, तर त्याची सुरुवात या स्थलांतरापासून झाली पाहिजे असं मला वाटतं. नोंदणी 12 आठवड्यांच्या आत होते, तेव्हा गोळ्यांची आणि खाण्याची पहिली ओळख करून द्यावी. पण मुख्य सत्र 26 ते 28 आठवड्यांच्या सुमारास, माहेरी जाण्याआधी व्हावं. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी बायका केंद्रात आलेल्याच असतात, मात्र गर्दीही असते. म्हणून वजन आणि रक्तदाब झाल्यावर आठ-दहा जणींना वेगळ्या खोलीत बसवावं आणि सोबत आलेल्या सासूबाईंना, आईला किंवा नवऱ्याला बाहेर थांबवू नये. त्रास अंगात होतो तिला, पण गाडी बोलवायची की सकाळपर्यंत थांबायचं, हे बहुतेक घरांत दुसरंच कुणीतरी ठरवतं.

लक्षणांसोबत कृतीही

धोक्याची लक्षणं भिंतीवरच्या तक्त्यात दहा-बारा असतात. ती एका दमात वाचून दाखवली तर घरी पोहोचेपर्यंत दोन-तीनच आठवतात. त्यापेक्षा त्यांचे दोन गट करावेत आणि प्रत्येक गटाला एकच कृती जोडावी.

पहिला गट 'आत्ताच' निघण्याचा. अंगावरून रक्त जाणं, झटके येणं, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं दिसणं, पोटात जोराची आणि न थांबणारी कळ, बसल्या जागी धाप लागणं, कळा सुरू होण्याआधीच पाणमोट फुटणं. यातलं एकही दिसलं तर 102 किंवा 108 ला फोन करायचा, घरगुती उपाय करत वेळ घालवायचा नाही. दुसरा गट 'आजच' दाखवण्याचा. चेहरा आणि हात सुजणं, बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी जाणवणं, ताप येणं, लघवीला जळजळ होणं. इथे धावपळ नको, पण रात्र मध्ये जाऊ द्यायची नाही. बाळाची हालचाल अजिबातच जाणवली नाही, तर तेही 'आत्ताच'मध्ये धरायचं.

रक्तस्रावाबाबत एक गैरसमज सगळ्यांसमोर खोडून काढावा लागतो. पोटात दुखत नाही, म्हणजे काळजीचं नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण वार गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असेल, तर शेवटच्या महिन्यांत काहीही न दुखता रक्त जातं आणि पुढच्या वेळी ते एकदम भरपूर जाऊ शकतं. म्हणून डाग छोटा असला तरी निघायचं. घरी सुईणीकडून किंवा कुणाकडूनही आतून तपासून घ्यायचं नाही.

एका संध्याकाळचं उदाहरण

सत्रात वेळ कमी असतो, म्हणून एकच प्रसंग सविस्तर घ्यावा आणि तो रक्तदाबाचा घ्यावा. सिस्टर सांगतील तो प्रसंग असा असू शकतो. मुलगी 32 आठवड्यांची, माहेरी येऊन पंधरा दिवस झालेले. सासरच्या केंद्रात रक्तदाब 110/70 होता, त्यामुळे सगळे निर्धास्त. दोन दिवसांपासून डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा मनगटात रुततो आहे, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते. आई म्हणते, आराम मिळालाय, अंग भरलंय. संध्याकाळी डोकं दुखायला लागतं, आई बाम चोळून देते आणि झोप म्हणते.

इथे सिस्टरनी थांबून सगळ्यांना विचारायचं, "आता तुम्ही काय कराल?" उत्तरं येऊ द्यायची. मग समजावून सांगायचं. दिवसभर उभं राहून पाय सुजणं गरोदरपणात नेहमीचं आहे. पण झोपून उठल्यावरही चेहरा सुजलेला राहणं, बांगड्या रुतणं, महिन्यात तीन किलोंहून अधिक वजन वाढणं, या खुणा वेगळ्या आहेत. त्यात डोकेदुखी मिसळली की आईने लेकीला दोनच प्रश्न विचारायचे: डोळ्यांपुढे चमकतंय किंवा धूसर दिसतंय का? बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या भागात दुखतंय का? यातल्या एकालाही 'हो' आलं, की गाडी बोलवायची. उत्तर 'नाही' असलं आणि डोकेदुखी कमी असली, तरी सूज आहे म्हणून रक्तदाब त्याच दिवशी मोजून घ्यायचाच.

समजा, केंद्रात रक्तदाब 160/110 निघाला आणि लघवीत प्रथिनं सापडली. 140/90 ही धोक्याची रेषा, ती केव्हाच ओलांडलेली. अशा वेळी रक्तदाब उतरवण्याचं औषध देतात, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देतात आणि तिला उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर "इथेच बरं करा, पुढे कशाला पाठवता?" यात वेळ जातो. या आजाराचं मूळ वारेशी जोडलेलं असल्यामुळे बाळंतपण झाल्यावरच तो ओसरतो. ते कधी करायचं, हे मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर ठरवतात. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत. म्हणून बाळंतिणीची डोकेदुखीही थकव्यावर ढकलायची नाही. झटके आले तर ती बाहेरची बाधा नाही. तिला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा किंवा पाणी घालायचं नाही आणि 108 बोलवायची.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी 1994 मध्ये मातामृत्यूंमागचे तीन विलंब मांडले: निर्णयाला उशीर, पोहोचायला उशीर आणि रुग्णालयात उपचार मिळायला उशीर. शिकवण्याने पहिला विलंब कमी होतो आणि तयारी असेल तर दुसराही. म्हणून प्रसंग संपल्यावर प्रत्येकीच्या माता व बाल संरक्षण कार्डावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: माहेरच्या आशाताईचा नंबर, जवळचं प्रसूतीचं केंद्र, सिझेरियन आणि रक्ताची सोय असलेलं रुग्णालय, आणि सोबत येणारं माणूस. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं आणि ने-आण मोफत आहे. पैशांची जुळवाजुळव करण्यासाठी थांबायचं कारण नाही, हे नवऱ्यासमोर सांगावं.

ताटात काय वाढवायचं

'दोन जिवांचं खा' असं सगळे म्हणतात, पण जेवण दुप्पट करायचं नसतं. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ. एका वेळी जात नसेल, तर सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला विभागून खावं. अंडं, दूध, डाळ, शेंगदाणे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असावं. अंगणवाडीतून मिळणारा शिधा घरातल्या सगळ्यांत वाटला जातो, तो तिच्यासाठी आहे हे घरच्यांच्या कानावर घालावं. आदिवासी प्रकल्प क्षेत्रात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरम जेवण मिळतं, तिथे रोज जाण्याची आठवण करून द्यावी.

कमी खाल्लं की बाळ लहान राहतं आणि बाळंतपण सोपं जातं, ही समजूत वयस्कर बायकांनी प्रेमापोटीच जपलेली असते. तिला हसू नये, उत्तर द्यावं. कमी खाल्ल्याने आईचं रक्त घटतं आणि बाळ अशक्त जन्मतं. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

इथून गोळ्यांकडे वळणं सोपं जातं. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय. वरच्या उदाहरणातल्या मुलीचं ते 9.2 आहे असं धरू. सर्वसाधारणपणे चौथ्या महिन्यापासून 180 दिवस लोह-फॉलिक ॲसिडची रोज एक लाल गोळी असते. तिला डॉक्टर रोज दोन सांगतील आणि महिन्याने रक्त पुन्हा तपासतील. महिनाभरात हिमोग्लोबिन निदान एकाने वाढलं नाही, तर तिला पुढे पाठवायचं.

गोळ्या मिळूनही रक्त का वाढत नाही, हे शोधायचं तर विचारावं, "शेवटची गोळी कधी घेतली, आणि कशासोबत?" बऱ्याचदा ती चहासोबत घेतलेली असते, किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत. दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी आणि चहा तासभर लांब ठेवावा. कॅल्शियम जेवणासोबत, लोहाच्या गोळीनंतर निदान दोन तासांनी. मळमळत असेल तर लोहाची गोळी रात्री जेवून झोपताना घ्यावी. शौचाला काळं होतं, हे आधीच सांगितलं नाही तर घाबरून पाकीट फेकून दिलं जातं. गोळ्यांनी बाळ काळं होत नाही, हेही स्पष्ट सांगावं.

कळलं की नाही, ते कसं ओळखायचं

शेवटची दहा मिनिटं याला द्यावीत. "समजलं का?" असं विचारलं की सगळ्या माना डोलावतात. त्याऐवजी एकीला म्हणावं, "ताई, आता मी तुमची आई आहे. मला सांगा, रात्री दहाला डोकं ठणकतंय आणि धूसर दिसतंय, मी काय करू?" ती फोन, गाडी, कार्ड आणि दवाखाना या क्रमाने बोलली तर सत्र पोहोचलं. अडखळली तर तिथेच पुन्हा सांगायचं. शिकवणाऱ्याचं बोलणं कमी पडलं असं समजायचं, तिची समज नव्हे. आठवड्याने आशाताई घरी गेल्यावर पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजतात, तीही या सत्राची परीक्षाच असते.

शिकवण्याच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. रक्तदाब पुष्कळदा कोणतंही लक्षण न देता वाढतो. लक्षणं पाठ असलेली मुलगीसुद्धा तो मोजल्याशिवाय ओळखू शकत नाही. त्यामुळे माहेरी गेल्यावर तपासणी चुकली, तर हे सगळं शिकणं अर्धवट ठरतं. म्हणून सत्र संपल्यावर सिस्टरांचं एक काम उरतं: माहेरच्या उपकेंद्राला फोन करून तिचं नाव, प्रसूतीची अपेक्षित तारीख, शेवटचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन कळवणं, आणि पुढच्या तपासणीची तारीख ठरवून ती कार्डावर लिहिणं. ती तारीख लिहिल्याशिवाय पहिलटकरणीला केंद्रातून जाऊ देऊ नये.