चूक कोणाच्या वाट्याला किती?

हाताने लिहिलेला अंक ओळखणारा प्रोग्रॅम लिहायचा म्हटलं, की आधी नियम सुचतात. वर गोल आणि खाली काठी असेल तर नऊ, एकावर एक दोन गोल असतील तर आठ. पण माणसांचं हस्ताक्षर नियमांत बसत नाही. कुणाचा नऊ वरून उघडा राहतो आणि चारसारखा दिसतो, कुणी सातच्या पोटात आडवी रेघ मारतो. नियम वाढवत जावं तसे अपवाद त्याहून वेगाने वाढतात. म्हणून वेगळी वाट धरली जाते. प्रोग्रॅमला अंकांविषयी काहीच सांगायचं नाही. चित्र दाखवायचं, उत्तर घ्यायचं आणि चुकलं की त्याच्या आतले आकडे जरासे हलवायचे. हे हलवणं नेमकं कसं होतं ते पाहायचं असेल, तर तयार लायब्रऱ्या बाजूला ठेवून, फक्त पायथन आणि आकड्यांचे तक्ते हाताळणारं नम्पाय घेऊन एक छोटं न्यूरल नेटवर्क स्वतः बांधावं. सगळा कोड पन्नासेक ओळींत मावतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो.

शिकवायला चित्रं लागतात. त्यासाठी बहुतेक जण एमनिस्ट नावाचा संग्रह घेतात. शिकवण्यासाठी ६०,००० आणि परीक्षेसाठी १०,००० अशी त्यात इंग्रजी वळणाच्या अंकांची चित्रं आहेत. त्याच्या मुळाशी अमेरिकेच्या मानक संस्थेने गोळा केलेले दोन गठ्ठे होते. एक जनगणना खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हस्ताक्षरांचा, दुसरा शाळकरी मुलांच्या. कर्मचाऱ्यांचं अक्षर बरंच स्वच्छ होतं. त्यावर शिकवून मुलांच्या अक्षरावर परीक्षा घेतली, तर निकाल नेटवर्कबद्दल कमी आणि गठ्ठ्यांतल्या फरकाबद्दल जास्त सांगणार. म्हणून यान लकून, कोरिना कोर्टेस आणि ख्रिस्तोफर बर्जेस यांनी दोन्ही गठ्ठे मिसळून हा संग्रह तयार केला.

प्रत्येक चित्र २८ बाय २८ ठिपक्यांचं, म्हणजे ७८४ ठिपक्यांचं असतं. कोऱ्या जागी ०, गडद शाईच्या जागी २५५ आणि कडांना मधले आकडे. सगळ्यांना २५५ ने भागलं की ० ते १ मधले ७८४ आकडे हाती येतात. नेटवर्कला चित्र म्हणून एवढंच दिसतं.

आपल्या नेटवर्कमध्ये मधल्या थरात ३० न्यूरॉन आहेत आणि शेवटी दहा, प्रत्येक अंकासाठी एक. मधला प्रत्येक न्यूरॉन ७८४ आकड्यांना आपापल्या वजनांनी गुणतो, बेरीज करतो, त्यात स्वतःचा एक आकडा मिळवतो आणि उत्तर ऋण आलं तर शून्य धरतो. शेवटचे दहा न्यूरॉन या ३० उत्तरांशी असाच गुणाकार-बेरजेचा हिशेब करून दहा गुण देतात. एकूण २३,८६० आकडे बदलता येण्याजोगे आहेत. रेडिओच्या खुंट्यांसारखे ते डावी-उजवीकडे फिरवायचे, एवढंच शिकणं.

```python
h = np.maximum(0, X @ W1 + b1)
z = h @ W2 + b2
e = np.exp(z - z.max(axis=1, keepdims=True))
p = e / e.sum(axis=1, keepdims=True)
```

शेवटच्या दोन ओळी दहा गुणांचं रूपांतर दहा शक्यतांमध्ये करतात. त्यांची बेरीज नेहमी १ येते. बरोबर अंकाला किती शक्यता दिली त्यावरून चूक मोजतात. त्या शक्यतेचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा आणि चिन्ह उलटं करायचं. या आकड्याला लॉस म्हणतात. बरोबर अंकाला पूर्ण १ दिला तर लॉस शून्य. शक्यता शून्याकडे गेली तर लॉस वाढतच जातो.

सुरुवातीला सगळी वजनं यदृच्छेने भरलेली, अगदी लहान असतात. नेटवर्कला काहीच माहीत नसल्यामुळे प्रत्येक अंकाला साधारण ०.१ शक्यता मिळते आणि लॉस २.३ च्या जवळ येतो. शिकवण्याआधी हा आकडा जरूर तपासावा. तो १० किंवा २० आला, तर सुरुवातीची वजनं फार मोठी आहेत किंवा २५५ ने भागायचं राहिलं आहे.

आता एकच चित्र घेऊ. चित्र चारचं आहे, पण नेटवर्कने नऊला ०.५५ दिले, चारला ०.३० आणि उरलेल्या आठ अंकांत मिळून ०.१५. लॉस १.२० झाला. पुढचा प्रश्न असा, की २३,८६० आकड्यांपैकी या चुकीला कोण किती जबाबदार?

शेवटच्या थरापुरतं उत्तर फार सुटसुटीत आहे. दिलेल्या शक्यतेतून असायला हवी होती ती वजा करायची. नऊला ० हवे होते, मिळाले ०.५५, म्हणून त्याची चूक अधिक ०.५५. चारला १ हवा होता, मिळाले ०.३०, म्हणून उणे ०.७०. मधल्या थरातल्या एका न्यूरॉनने या चित्रावर २ असं उत्तर दिलं होतं, असं समजा. त्याच्यापासून नऊकडे जाणाऱ्या वजनाची जबाबदारी ०.५५ गुणिले २, म्हणजे १.१०. चारकडे जाणाऱ्याची उणे १.४०. जबाबदारीच्या उलट दिशेने, पण तिच्या दहाव्या हिश्शाइतकंच सरकायचं. हा ०.१ म्हणजे लर्निंग रेट. नऊकडचं वजन ०.११ ने कमी झालं, चारकडचं ०.१४ ने वाढलं. तेच चित्र पुन्हा दाखवलं, तर फक्त या एका न्यूरॉनमुळे नऊचा गुण ०.२२ ने उतरतो आणि चारचा ०.२८ ने चढतो. आधी नऊची शक्यता चारच्या जवळजवळ दुप्पट होती. आता ती जेमतेम दहा-अकरा टक्क्यांनी जास्त उरली. ज्या न्यूरॉनने या चित्रावर शून्य उत्तर दिलं, त्याच्यापासून निघणारी वजनं जागची हलली नाहीत. या उत्तरात त्याचा हातच नव्हता.

चूक आता मागे न्यायची. आपल्या न्यूरॉनचं नऊकडचं वजन आधी ०.४ होतं आणि चारकडचं उणे ०.१. त्याच्या वाट्याला ०.५५ गुणिले ०.४ अधिक उणे ०.७० गुणिले उणे ०.१, म्हणजे ०.२९ एवढी चूक येते. बाकीच्या अंकांचा किरकोळ वाटा इथे सोडून देऊ. चूक धन आहे, म्हणजे या चित्रावर हा न्यूरॉन गरजेपेक्षा जोरात बोलला. म्हणून चित्रात पूर्ण शाई असलेल्या ठिपक्यांकडून येणारी त्याची वजनं ०.०२९ ने खाली येतात. कोऱ्या ठिपक्यांची तशीच राहतात. शेवटून सुरुवातीकडे चूक वाटत येण्याच्या या पद्धतीला बॅकप्रोपगेशन म्हणतात. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या ‘नेचर’मधल्या लेखानंतर ती सर्वदूर पोहोचली. कोडमध्ये ती एवढीच:

```python
d2 = (p - Y) / len(X)
d1 = (d2 @ W2.T) * (h > 0)
W2 -= 0.1 * (h.T @ d2)
b2 -= 0.1 * d2.sum(axis=0)
W1 -= 0.1 * (X.T @ d1)
b1 -= 0.1 * d1.sum(axis=0)
```

एकेका चित्रामागे न हलता ३२ चित्रांची सरासरी जबाबदारी काढून हलावं. एखाद्या विचित्र हस्ताक्षराने सगळी वजनं ओढली जात नाहीत. सगळी ६०,००० चित्रं एकदा दाखवून होईपर्यंत १,८७५ वेळा वजनं हलतात. पहिल्याच फेरीनंतर परीक्षेच्या चित्रांवर नव्वदीच्या वर उत्तरं बरोबर येऊ लागतात आणि दहा-वीस फेऱ्यांत गाडी ९६ टक्क्यांच्या आसपास पोहोचते.

बिघडलं तर आकडेच सांगतात. लॉस २.३ वरून चढत निघाला, तर बहुधा वजाच्या जागी अधिक पडलं आहे. बरोबर उत्तरांचं प्रमाण ११.३५ टक्क्यांवर अडकलं, तर नेटवर्क प्रत्येक चित्राला ‘एक’ म्हणतंय. शिकवण्याच्या चित्रांत एक हा अंक सर्वांत जास्त वेळा येतो आणि परीक्षेच्या १०,००० चित्रांत तो १,१३५ वेळा आहे. सगळी वजनं शून्यापासून सुरू केली की नेमकं हेच होतं. मधले सगळे न्यूरॉन शून्य उत्तर देतात, कुणाच्याच वाट्याला चूक येत नाही आणि कुठला अंक किती वेळा येतो, एवढंच नेटवर्क शिकतं. यदृच्छेने भरलेली वजनं म्हणून हवीत.

जबाबदारीचा हिशेब बरोबर आहे का, हे तपासायची एक खात्रीची रीत आहे. कुठलंही एक वजन निवडा. ते ०.०००१ ने वाढवून लॉस मोजा, मूळ किमतीपेक्षा तेवढंच कमी करून पुन्हा मोजा आणि दोन्हींतला फरक ०.०००२ ने भागा. वरच्या सूत्राने आलेली जबाबदारी याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळली पाहिजे. असं प्रत्येक वजन तपासत शिकवायचं, तर प्रत्येक पावलाला ४७ हजारांवर वेळा लॉस मोजावा लागेल. बॅकप्रोपगेशनने तेच उत्तर एका उलट्या फेरीत मिळतं. तिचं खरं मोल इथे कळतं.

शिकून झाल्यावर एखाद्या न्यूरॉनची ७८४ वजनं २८ बाय २८ च्या चित्रात मांडून पाहावीत. तिथे गोल, काठी, वळण असे सुबक तुकडे दिसतील अशी अपेक्षा असते. दिसतात ते गडद-फिके डाग. कडेला आणि कोपऱ्यांत तर सुरुवातीचे यदृच्छ आकडेच जसेच्या तसे असतात. शिकवण्याच्या ६०,००० चित्रांपैकी एकातही ६७ ठिपक्यांवर शाईचा कण नाही. तिथली वजनं एकदाही हलली नाहीत.

या नेटवर्कच्या मर्यादाही इथूनच निघतात. कागदावर लिहिलेल्या अंकाचा फोटो तसाच दिला, तर पांढरा कागद म्हणजे सगळीकडे मोठे आकडे. नेटवर्कने असं चित्र कधी पाहिलेलंच नाही. फोटो उलटा, म्हणजे काळ्यावर पांढरा करून, अंक लहान करून मधोमध आणावा लागतो. देवनागरी ४ दाखवला, तर ‘ओळखत नाही’ असं ते म्हणूच शकत नाही. दहा शक्यतांची बेरीज १ व्हायलाच हवी, म्हणून ते दहांपैकी एकाचं नाव घेणारच. त्या आकारात त्याला इंग्रजी आठ दिसला, तर नवल नाही.

देवनागरी अंक शिकवायलाही कोड तोच चालतो. त्यात अंकांविषयी काही लिहिलेलंच नाही. जे काही ज्ञान आहे ते चित्रांतून वजनांत उतरलेलं आहे. देवनागरी हस्ताक्षरांचा नेपाळमध्ये तयार झालेला एक खुला संग्रह आहे. त्यात दहा अंकांची प्रत्येकी २,००० चित्रं आहेत, ३२ बाय ३२ ठिपक्यांची. ७८४ च्या जागी १,०२४ घालायचं, बाकी ओळी तशाच.

खरी अडचण येते ती दोन्ही वळणं एकत्र शिकवताना. एका हिशेबाच्या वहीत दोन्ही प्रकारचे अंक असणं आपल्याकडे नवीन नाही. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ काही हस्ताक्षरांत अगदी सारखे दिसतात. तोच आकार निम्म्या वेळा ‘एक’ आणि निम्म्या वेळा ‘नऊ’ अशा उत्तरासह आला, तर वजनं एकदा इकडे, एकदा तिकडे ओढली जातात. अशा चित्रांवर नेटवर्कला जमणारं सर्वांत चांगलं उत्तर म्हणजे दोघांना ०.५, आणि तिथे लॉस सरासरीने ०.६९ च्या खाली जात नाही. न्यूरॉन ३० चे ३०० केले, फेऱ्या दुप्पट केल्या, तरी फरक पडत नाही. त्या चित्रात तेवढी माहितीच नसते. माणूस अशा वेळी शेजारचे अंक पाहतो आणि वही कोणत्या वळणात लिहिली आहे ते ठरवतो. या नेटवर्कला ते जमवायचं असेल, तर शेजारचे अंकही त्याला दाखवावे लागतील.