सवलतीची थाळी किती थाळ्या मागते?

कोथरूडच्या एखाद्या आतल्या गल्लीत दोनशे चौरस फुटांचा गाळा भाड्याने घेऊन कुणी पिठलं-भाकरीची थाळी विकायला बसलं, असं धरू. बसायला टेबलं नाहीत, सगळ्या ऑर्डरी स्विगी-झोमॅटोसारख्या ॲपवरून येतात. भाडं २५ हजार, दोन कामगारांचा पगार ३० हजार, वीज, इंटरनेट, साफसफाई मिळून ५ हजार. एकही थाळी विकली गेली नाही तरी महिन्याला हे ६० हजार रुपये जातातच. मालक स्वतः चुलीपाशी उभा राहत असेल, तर त्याची मजुरीही यात धरायला हवी. ती सोडून दिली की धंदा कागदावर उगाच बरा दिसतो.

आता थाळी. किंमत २०० रुपये. पीठ, बेसन, तेल, भाजी, गॅस मिळून ६६ रुपये आणि डबा-पिशवीचे १५. ॲपचं कमिशन करारागणिक बदलतं, आपण २५ टक्के धरू: ५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ९. ग्राहकाच्या बिलातला ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२पासून ॲपच परस्पर सरकारकडे भरतं, म्हणून तो या हिशोबात येत नाही. कमिशनवरचे ९ रुपये मात्र किचनच्याच खिशातून जातात, कारण ५ टक्क्यांच्या दरात भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. सगळं वजा जाता एका थाळीमागे ६० रुपये उरतात. हा अजून नफा नव्हे. या साठांतून आधी ते ६० हजार फेडायचे आहेत, आणि त्याला १,००० थाळ्या लागतात. दिवसाला साधारण ३४. एक हजार एकाव्या थाळीपासून पुढचे साठ रुपये मालकाचे.

बहुतेक जण हा आकडा एकदा काढतात आणि भिंतीवर चिकटवतात. पण किंमत हलली की तो जागेवर राहत नाही.

समजा, ऑर्डरी वाढाव्यात म्हणून थाळीवर ३० रुपयांची सवलत दिली आणि ती सगळी किचननेच सोसली. कमिशन सवलतीनंतरच्या १७० रुपयांवर धरलं, तर कमिशन आणि त्यावरचा कर मिळून सुमारे ५० रुपये होतात. माल आणि डबा तेवढ्याच पैशांचा, ८१ रुपयांचा. उरतात जेमतेम ३९. किंमत १५ टक्क्यांनी उतरली, पण हाती उरणारी रक्कम एक तृतीयांशाहून जास्त घटली. आता खर्च भरून यायला १,५४५ थाळ्या हव्यात, रोज ५२. दोन माणसांकडून जेवणाच्या गर्दीत दिवसाला पन्नासच थाळ्या निघत असतील, तर तिसरा माणूस ठेवावा लागेल. त्याचे १२ हजार धरले की ठरलेला खर्च ७२ हजारांवर जातो आणि गरज १,८५४ थाळ्यांची होते, म्हणजे रोज ६२. सवलत लावण्याआधी हा हिशोब मांडला नाही, तर महिनाभर ऑर्डरींचा आवाज येत राहतो आणि तोटाही वाढत राहतो. मला यातली सगळ्यात मोठी फसगत हीच वाटते, कारण ती भरभराटीसारखी दिसते.

मालाच्या भावाचं गणित वेगळं. तेल-भाजी महागून थाळीमागे १० रुपये जास्त गेले, तर उरतात ५०, आणि लागतात १,२०० थाळ्या. हे १० रुपये वसूल करायला किंमत दहाने वाढवून भागत नाही. वाढवलेल्या प्रत्येक रुपयातले साडेएकोणतीस पैसे कमिशन आणि कर नेतात. म्हणून थाळी २१४ रुपयांना विकावी लागते.

थाळीला ६६ रुपये लागतात हे पाककृतीवरून काढलेलं असतं. खरा आकडा महिनाअखेरीस कळतो: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, उणे उरलेला साठा, भागिले विकलेल्या थाळ्या. उत्तर ७४ आलं, तर ८ रुपये कुठेतरी गळताहेत. वाढीव वाढप, नासलेली भाजी, पैसे परत दिलेल्या ऑर्डरी, अशा जागा आधी पाहाव्यात.

प्रत्यक्षात महिनाभर एकच किंमत नसते. आठवडाभर २०० आणि शनिवार-रविवारी १७० असं चालतं. तिथे दोन किमतींची सरसकट सरासरी काढली की हिशोब चुकतो, कारण दोन्हीकडे थाळ्या सारख्या विकल्या जात नाहीत. त्यापेक्षा बेरीज करत जावं. पूर्ण किमतीच्या ६०० थाळ्यांनी ३६ हजार फेडले, आता २४ हजार उरले. ते सवलतीच्या थाळ्यांनी फेडायचे तर ६१८ लागतील, पूर्ण किमतीच्या असत्या तर ४००. हा उरलेला आकडा दर रविवारी रात्री वहीत लिहिला, तर पुढच्या शनिवारी सवलत लावायची की नाही, हे महिना संपायच्या आत ठरवता येतं.