घर बघायची वेळ बदलून मागताना

सांगलीकडची एक मुलगी स्टुटगार्टच्या इस्पितळात नर्स म्हणून रुजू झाली आहे, असं समजू. महाराष्ट्राने 2024मध्ये जर्मनीच्या ज्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्या बाडेन-वुर्टेमबर्गची स्टुटगार्ट ही राजधानी. इस्पितळाने दिलेली खोली तात्पुरती आहे, ती सोडावी लागणार. घरांच्या पोर्टलवर रोज चौकश्या पाठवून झाल्या आणि बऱ्याच दिवसांनी एका घरमालकिणीचं उत्तर आलं: गुरुवारी, 16 ऑक्टोबरला 16.30 वाजता घर बघायला यावं. नेमकी त्याच दिवशी तिची दुपारची पाळी आहे. ती सुटणार रात्री.

आता काय लिहायचं? आमच्या भागात नव्याने येणारी मुलंमुली पाठवण्याआधी असे निरोप मला दाखवतात. जर्मन भाषा बहुतेकांची ठीक असते. अडतं दुसरीकडे. वेळ बदलून मागितल्यावर तिकडे किती जणांची दिवसाची आखणी बदलते, हे त्यांना ठाऊक नसतं.

पुण्यात रिकाम्या फ्लॅटची किल्ली एजंटकडे असते. आज नाही जमलं तर उद्या संध्याकाळी येतो म्हटलं, की काम होतं. जर्मनीत बघायला बोलावलेलं घर पुष्कळदा रिकामं नसतं. भाडेकरूला घर सोडायचं तर साधारणपणे तीन महिने आधी लेखी कळवावं लागतं, आणि नव्या भाडेकरूचा शोध याच तीन महिन्यांत चालतो. आधीचा भाडेकरू तिथेच राहत असतो. त्याची भांडीकुंडी, त्याची मुलं सगळं तिथेच असतं. जोवर तो राहतो तोवर घर त्याचं, मालकालाही वाटेल तेव्हा दार उघडून आत जाता येत नाही. आधी कळवून त्याच्याशी वेळ ठरवावी लागते. म्हणजे गुरुवारचे साडेचार ही वेळ मालकीणबाईंनी सहज लिहिलेली नाही. भाडेकरूला विचारून, बहुधा त्याच्या कामावरून परतण्याच्या हिशेबाने ती ठरली आहे. तुम्ही ती बदलून मागता तेव्हा तीन माणसांची वेळ पुन्हा जुळवावी लागते. इच्छुकांची रांग लागलेली असेल तर मालकीण ती खटपट करणार नाही, पुढच्या नावाकडे वळेल.

आणि बोलावणं मिळणं परक्या नावाच्या माणसाला मुळातच अवघड जातं. 2017मध्ये बायरिशर रुंडफुंक ही प्रसारण संस्था आणि ‘डेर श्पीगेल’ हे साप्ताहिक यांच्या पत्रकारांनी जर्मनीतल्या 10 शहरांत जर्मन आणि परकी नावं वापरून घरांसाठी सुमारे 20,000 चौकश्या पाठवल्या होत्या. परक्या नावांना, विशेषतः अरबी आणि तुर्की नावांना, बोलावणी स्पष्टपणे कमी आली. म्हणूनच हातात आलेली वेळ घाईघाईने सोडून द्यावी असं मला वाटत नाही. पहिला निरोप मालकिणीला न लिहिता वॉर्डातल्या सहकारी नर्सला लिहावा: गुरुवारची पाळी बदलून घेशील का? इन्चार्जच्या संमतीने असे बदल होतात. ते जमत नाही असं कळल्यावरच घराच्या वेळेला हात लावावा.

त्याआधी मालकिणीचा निरोप पुन्हा नीट वाचावा. काही वेळा सगळ्या इच्छुकांना एकाच अर्ध्या तासात बोलावलेलं असतं. मोठ्या शहरांत अशा दिवशी जिन्यापर्यंत रांग लागते. निरोपात ‘16.30 ते 17.00 या वेळात घर खुलं असेल’ अशा अर्थाचं काही असेल, तर तो बहुधा हाच प्रकार. तिथे एकट्यासाठी दुसरा दिवस मागून सहसा काही निघत नाही. आपल्या वतीने कुणाला पाठवू का, एवढंच विचारावं. वेळ फक्त आपल्याला दिली असेल, तर बदल मागायला जागा आहे.

आपल्या सांगलीच्या मुलीला स्वतंत्र वेळ मिळाली आहे. तिचा निरोप जर्मनमध्ये जाईल. मराठीत तो असा होईल:

विषय: अमुक रस्ता 12, दुसरा मजला डावीकडे, दोन खोल्यांचं घर. गुरुवार 16.10., 16.30 वाजताची भेट

आदरणीय श्रीमती अमुक,
घर बघायला बोलावल्याबद्दल आभार. गुरुवारी, 16 ऑक्टोबरला 16.30 वाजता मला येता येत नाही, याचं वाईट वाटतं. त्या दिवशी इस्पितळात माझी दुपारची पाळी आहे. बुधवारी 15 ऑक्टोबरला किंवा गुरुवारीच सकाळी 9 ते 12 या वेळात मी येऊ शकते. शुक्रवारी 17 तारखेलाही सकाळी याच वेळात जमेल. यांपैकी काहीच सोयीचं नसेल, तर ठरलेल्या वेळी माझी मैत्रीण माझ्या वतीने घर बघून जाईल. चालेल का, ते कृपया कळवावं. दारावर कोणत्या नावाची घंटी वाजवू, तेही कळवलंत तर बरं होईल.
आपली,
(पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

विषयाच्या ओळीत एवढा तपशील का? मालकीण किंवा तिची व्यवस्थापन कंपनी एकाच वेळी तीन-चार घरं देत असू शकते. ‘आपलं गुरुवारचं ठरलं होतं’ एवढ्यावर तिला काहीच आठवणार नाही. बोलावणं पोर्टलवरून आलं असेल तर उत्तरही तिथेच, त्याच संवादात द्यावं, म्हणजे आधीची चौकशी तिच्या डोळ्यांसमोर राहते. नव्या ईमेलवरून पाठवलेला निरोप कुठल्या इच्छुकाचा, हे तिला शोधत बसावं लागतं.

कारण एका वाक्यात सांगितलं आहे. पाळीची नोकरी हे कारण सगळ्यांना कळतं, शिवाय पगार नियमित आहे हेही त्यातून सहज पोचतं. पोटदुखी, पाहुणे, मैत्रिणीचा वाढदिवस असलं काही लिहू नये. डॉक्टरकडे जायचं असेल तर ‘आधी ठरलेली, हलवता न येणारी भेट आहे’ एवढं पुरे. आपल्याकडे अडचण पटवून द्यायची म्हणजे ती सविस्तर सांगायची, अशी सवय असते. इथे कारण लांबलं की टाळाटाळ वाटते.

या निरोपातली सगळ्यांत कामाची गोष्ट बुधवारची सकाळ आहे. वेळ बदलून मागायची म्हणजे पुढे ढकलायची, असं आपण धरून चालतो. पण मालकिणीने गुरुवारी आणखी चौघांना बोलावलं असेल आणि त्यांतला एखादा पसंत पडला, तर पुढच्या मंगळवारी दाखवायला घरच उरणार नाही. शक्य असेल तिथे ठरलेल्या वेळेच्या आधीची वेळ मागावी. लेट ड्युटीच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते, ती वापरावी. पर्याय नेमके हवेत आणि दोन-तीनच हवेत. ‘तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा’ हे वाक्य आपल्या कानांना नम्र वाटतं, पण त्यात पुन्हा वेळ शोधायचं काम तिच्याच गळ्यात पडतं.

घंटीचा प्रश्न नवख्याला चमत्कारिक वाटेल. जर्मनीत इमारतींच्या दाराशी घंट्यांच्या ओळीत बहुधा फ्लॅटचे क्रमांक नसतात, आडनावं असतात. आधीच्या भाडेकरूचं आडनाव माहीत नसेल तर माणूस वेळेवर पोचूनही खालीच उभा राहतो.

जर्मनच्या वर्गात असा निरोप लिहायचा सराव झालेला असतो. गोएथे संस्थेच्या ए-टू परीक्षेत लेखनाला 30 मिनिटं असतात, आणि दुसऱ्या प्रश्नात दिलेल्या तीन मुद्द्यांवर 30 ते 40 शब्दांचा ईमेल लिहायचा असतो. मायना, माफी, कारण, नवी वेळ, शेवट हा साचा तिथे पक्का होतो आणि तो उपयोगी आहे. पण परीक्षक कुठलंच घर देत नसतो. त्यामुळे पत्ता, मजला, फोन नंबर आणि ‘नाही जमलं तर काय’ या चार गोष्टी सरावात राहून जातात. मी वाचून देते त्या निरोपांत फोन नंबर तर हमखास विसरलेला असतो.

निरोप पाठवला म्हणजे वेळ बदलली, असं मुळीच नाही. उत्तर येईपर्यंत जुनीच वेळ कायम. आदल्या दिवशी दुपारपर्यंत काही आलं नाही तर एकदा फोन करावा, रात्री आठच्या आत. फोनवर वेळ सांगितली तर कान देऊन ऐकावी. जर्मनमध्ये ‘हाल्ब फ्युन्फ’ म्हणजे साडेचार, साडेपाच नव्हे. फोन ठेवल्यावर ठरलेला वार, तारीख आणि वेळ आकड्यांत लिहून दोन ओळींचा निरोप परत पाठवावा. फोनही लागला नाही तर मैत्रिणीला ठरलेल्या वेळी पाठवून द्यावं. तिने दारातच कुणाच्या वतीने आले ते सांगावं आणि फोटो काढण्याआधी विचारावं, कारण खोल्यांमधलं सामान दुसऱ्याचं असतं. भिंतीच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे डाग आहेत का, स्वयंपाकघरातला ओटा आणि शेगडी घराबरोबर राहणार की भाडेकरू घेऊन जाणार, एवढं तिने नक्की बघावं आणि विचारावं. जर्मनीत पुष्कळ घरं स्वयंपाकघराच्या सामानाशिवाय भाड्याने जातात.

वेळ बदलून मागताना मनात अपराधीपणा असतो, आणि त्या भरात मुलं नको ते जोडून पाठवतात: पासपोर्टची प्रत, पगाराच्या पावत्या, बँकेचा तपशील. या टप्प्यावर त्यांतलं काहीच द्यायचं नसतं. घर बघण्यापूर्वी मालकाला नाव आणि संपर्क एवढं पुरतं, अशीच जर्मनीतल्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांची भूमिका आहे. पगाराचे पुरावे आणि ‘शूफा’चा, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याचा दाखला, घर पसंत पडून बोलणं पुढे गेल्यावर द्यायचा असतो.

उत्तर कसं येतं, त्याकडेही लक्ष ठेवावं. खरी मालकीण बहुधा एका ओळीत उत्तर देते: बुधवारी 10.00 चालेल, अमुक नावाची घंटी वाजवा. याउलट, मी सध्या परदेशात आहे, घर दाखवायला कुणी नाही, अनामत रक्कम भरा, किल्ली पोस्टाने येईल, वेळ बदलायची गरजच नाही, असं लांबलचक आणि फार प्रेमळ उत्तर आलं तर ती फसवणूक समजावी. एरवी सावध असणारी मुलं इथे अडकतात, कारण पाळी सांभाळून घर बघायला जायची कटकट एका फटक्यात मिटलेली दिसते. कायद्याने अनामत जास्तीत जास्त मूळ भाड्याच्या तिप्पट असते, मूळ भाडं म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च वगळून. ती तीन मासिक हप्त्यांत देता येते आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. घर बघण्याआधी कुणी एक युरोही मागितला, तर पोर्टलवर त्या जाहिरातीची तक्रार करावी आणि तो संवाद तिथेच थांबवावा.