प्रकाशतंतूंची जोडणी : छेदाची गुणवत्ता आणि जोडातील ऱ्हास

एकपथी प्रकाशतंतूचा बाह्य व्यास १२५ मायक्रोमीटर असतो आणि प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटरचा. असे दोन तंतू दोन पद्धतींनी जोडले जातात. फ्यूजन स्प्लाइसिंगमध्ये विद्युत्-ठिणगीच्या उष्णतेने दोन्ही टोके वितळवून एकजीव केली जातात. यांत्रिक जोडात ती एका सूक्ष्म खाचेत समोरासमोर दाबून धरतात आणि मधल्या फटीत काचेइतकाच अपवर्तनांक असलेले जेल असते. फ्यूजन जोडातील ऱ्हास सामान्यतः ०.०५ डेसिबल किंवा त्याहून कमी, तर यांत्रिक जोडातील ०.१ ते ०.३ डेसिबल असतो. एखाद-दुसऱ्या जोडात हा फरक नगण्य वाटतो. परंतु ४० किलोमीटरच्या मार्गावर दर दोन किलोमीटरला एक याप्रमाणे १९ जोड येतात. फ्यूजनने एकूण ०.९५ डेसिबल, तर प्रत्येकी ०.२ धरल्यास यांत्रिक जोडांनी ३.८ डेसिबल जातात. म्हणजे केवळ पद्धतीच्या निवडीमुळे पलीकडे पोहोचणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते.

हे आकडे छेद उत्तम आहे असे गृहीत धरूनच दिले जातात. तंतू कापला जात नाही, तो तोडला जातो. क्लीव्हरचे पाते पृष्ठभागावर बारीक ओरखडा काढते आणि ताण दिल्यावर भेग आडवी धावते. तंतूला पीळ असेल वा पाते बोथट असेल, तर भेग तिरपी जाते, कडेला ओठ राहतो किंवा टवका उडतो.

तीन अंशांचा तिरपा छेद घेऊ. व्यासाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत साडेसहा मायक्रोमीटरची पाचर पडते. फ्यूजन यंत्र ती वितळलेल्या काचेने भरून काढते. मात्र काच वाहताना गाभाही वाकतो आणि ऱ्हास वाढतो. म्हणूनच यंत्र ठिणगीपूर्वी कोन मोजते आणि ठरवलेल्या मर्यादेबाहेरचे टोक नाकारते. यांत्रिक जोडात असा पहारेकरी नसतो. जेल पाचर भरते, तोवर सारे ठीक दिसते. परंतु फटीत हवेचा बुडबुडा शिरला की काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे साडेतीन टक्के प्रकाश परततो, शिवाय किरण जवळपास दीड अंशाने वळतो. दोन्ही मिळून १५५० नॅनोमीटरवर अर्ध्या डेसिबलहून अधिक ऱ्हास होतो. तापमानाबरोबर जेलचा अपवर्तनांकही बदलत असल्याने सकाळी उत्तम वाटलेला जोड दुपारी बिघडलेला आढळू शकतो.

विसंगती अशी, की महागड्या फ्यूजन यंत्रासोबत अचूक क्लीव्हर येतो, तर स्वस्त यांत्रिक जोडासाठी बहुधा साधा हातक्लीव्हर वापरला जातो. वास्तविक छेदाबाबत कमी क्षमाशील पद्धत ती दुसरीच. फ्यूजन यंत्राच्या पडद्यावरील ऱ्हासाचा आकडाही प्रतिमेवरून काढलेला अंदाज असतो. खरा ऱ्हास ओटीडीआर उपकरणाने दोन्ही टोकांकडून मोजून सरासरी काढल्यावर कळतो. एका बाजूने ०.१२ आणि दुसऱ्या बाजूने उणे ०.०४ दिसल्यास जोडाचा ऱ्हास ०.०४ डेसिबल होय.