मेलवरच्या कराराला ‘ओके’ म्हणण्याआधी पैशाची तारीख शोधा

नाशिक : निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या गावांत बसून पुण्या-मुंबईच्या एजन्सींसाठी व्हिडिओ एडिटिंग, डिझाइन, भाषांतर अशी सुटी कामं करणारी मुलं-मुली आता आहेत. काम ठरतं फोनवर, करार येतो मेलवर. दोन-तीन पानं, तीही इंग्रजीत. रकमेचा आकडा बरोबर आहे ना, एवढं पाहून बहुतेक जण ‘ओके’ लिहून मोकळे होतात. पुढे घोळ होतो तो आकड्यात नाही, तारखेत. पैसे किती मिळणार हे लिहिलेलं असतं, कधी मिळणार हे नसतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मेलवरचं ‘ओके’ म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून करार नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2010 मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात मेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करार ग्राह्य धरला. म्हणून शंका विचारायची ती ‘ओके’च्या आधी.

चार वाक्यं, एकही तारीख नाही

उदाहरणादाखल निफाड तालुक्यातली एक व्हिडिओ एडिटर घेऊ. पुण्याच्या एका जाहिरात एजन्सीने तिला 20 छोट्या व्हिडिओंचं काम दिलं, एकूण 40 हजार रुपये. करारातल्या चार वाक्यांचा अर्थ असा :

1. काम लवकरात लवकर पूर्ण करून द्यावे.
2. आवश्यक त्या दुरुस्त्या करून द्याव्यात.
3. काम समाधानकारक वाटल्यास मंजुरी दिली जाईल.
4. मंजुरीनंतर, ग्राहकाकडून रक्कम जमा झाल्यावर मोबदला दिला जाईल.

वाचायला चारही वाक्यं सरळ वाटतात. आता कॅलेंडर समोर घ्यायचं आणि प्रत्येक वाक्यापुढे तारीख लिहून पाहायची. जिथे तारीख लिहिता येत नाही, तिथे करार मोघम आहे असं समजायचं.

समजा तिने 10 ऑक्टोबरला सगळे व्हिडिओ पाठवले. दुरुस्त्या किती वेळा? लिहिलेलं नाही. एजन्सी दिवाळीनंतरही ‘एवढं बदला’ म्हणू शकते. मंजुरी कोण देणार, किती दिवसांत? तेही नाही. कुणी मेल उघडलाच नाही, तर मंजुरी तशीच लटकते. चौथं वाक्य सगळ्यात महाग पडणारं आहे. एजन्सीचा ग्राहक कोण, हे तिला माहीत नाही, त्याच्याशी तिचा व्यवहार नाही. तरी त्याने पैसे बुडवले तर भुर्दंड तिच्यावर. द्राक्ष व्यापाऱ्याने ‘पुढून पैसे आले की देतो’ म्हटलं, तर बागायतदार काय समजायचं ते समजतो. इथेही तेच आहे, फक्त भाषा इंग्रजी आहे.

पहिलं वाक्य मात्र एजन्सीचंही नुकसान करतं. ‘लवकरात लवकर’ म्हणजे तीन दिवस की तीन आठवडे? तारीख नसली की उशीर झाला म्हणून पैसे कापायला वाव राहतो, आणि उशीर झालाच नव्हता हे दाखवायला तिच्या हाती काही नसतं. शिवाय फुटेज एजन्सीकडूनच उशिरा आलं तर मुदत पुढे सरकणार का, हेही लिहून घ्यावं लागतं.

‘बिल प्रक्रियेत आल्यापासून 30 दिवस’ हे वाक्यही असंच फसवं. आकडा दिसतो, पण मोजणी कुठून सुरू करायची ते एजन्सीच्या हातात राहतं. दिवस मोजायचे ते बिल मेल केल्याच्या तारखेपासून, कारण ती तारीख दोघांनाही दिसते.

दुरुस्ती कशी मागायची

भांडायची गरज नाही. ‘ओके’ऐवजी त्याच मेलला उत्तर द्यायचं आणि ही वाक्यं बदलून मागायची :

‘सर्व फुटेज मिळाल्यापासून 12 दिवसांत 20 व्हिडिओ देईन. फुटेज उशिरा आल्यास मुदत तितकेच दिवस पुढे जाईल. प्रत्येक व्हिडिओला दोन दुरुस्त्या मोबदल्यात धरल्या आहेत, पुढच्या दुरुस्तीचे 300 रुपये. व्हिडिओ मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम मंजूर समजले जाईल. 40 हजारांपैकी 12 हजार काम सुरू होण्याआधी, उरलेले 28 हजार बिल मेल केल्यापासून 15 दिवसांत. ग्राहकाकडून पैसे येण्याशी याचा संबंध राहणार नाही. टीडीएस कापणार असल्यास दर कळवावा. हे मान्य असल्याचे उत्तर आल्यावर काम सुरू करते.’

आता कॅलेंडर पुन्हा पाहा. 10 ऑक्टोबरला काम दिलं, हरकत आली नाही, तर 17 ला मंजूर. 18 ला बिल मेल केलं तर 2 नोव्हेंबरपर्यंत पैसे. एकही तारीख समोरच्याच्या मर्जीवर राहिली नाही. फोनवर ‘हो हो, चालेल’ म्हणाले तरी त्याच दिवशी ‘आज बोलल्याप्रमाणे’ असा मेल टाकून लेखी होकार घ्यावा. एजन्सी एखादी गोष्ट मान्य करणार नाही, हे होतंच. तेव्हा आगाऊ रकमेवर तडजोड करता येईल, पण ग्राहकाच्या पैशाची अट सोडून देऊ नये.

करार मोघमच राहिला तर

भारतीय करार कायदा 1872 चं कलम 46 म्हणतं, मुदत ठरलेली नसेल तर काम वाजवी वेळेत व्हावं. पण वाजवी म्हणजे किती, हे प्रकरण पाहून ठरतं. म्हणजे वाद घालणं आलंच.

यापेक्षा पक्का आधार 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यात आहे. एकट्याने सेवा देणाऱ्यालाही udyamregistration.gov.in वर आधार आणि पॅनच्या मदतीने मोफत ‘उद्यम’ नोंदणी करता येते. मग करारात पैशाची तारीख नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे देणं बंधनकारक ठरतं. तारीख ठरली असेल तरी ती 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही. काम मिळाल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम दिलं तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो.

वरच्या उदाहरणात तारीख ठरलीच नसती, तर मुदत 25 ऑक्टोबरला संपली असती. करारात 60 दिवस लिहिले असते, तरी कायद्याने 24 नोव्हेंबरच्या पुढे जाता आलं नसतं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पैसे थकले तर सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो.

याला मर्यादाही आहे. नोंदणी काम घेण्याआधीची हवी. पैसे अडकल्यावर धावपळ करून केलेली नोंदणी जुन्या कामाला उपयोगी पडेल, असं धरून चालता येत नाही. नोंदणी नसेल तर नोटीस आणि दिवाणी न्यायालय हा रस्ता उरतो, त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. परिषद असो की न्यायालय, पुरावा एकच मागितला जातो : काम कधी दिलं, बिल कधी पाठवलं, हरकत कधी आली. म्हणून व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवले तरी त्याच दिवशी ‘आज सर्व 20 व्हिडिओ दिले’ असा एका ओळीचा मेल टाकावा, आणि बिलही मेलनेच पाठवावं.