डबक्यावरून दहा फ्रेम

शॉट दोन सेकंदांचा. शाळेत निघालेली दहा-अकरा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. समोर फुटपाथच्या उखडलेल्या फरशीत पावसाचं पाणी साचलंय, मीटरभर रुंद. ती थांबते, बघते, उडी मारून पलीकडे जाते. बंगळूरुत पावसाळ्यात हे दृश्य कोणत्याही गल्लीत बघायला मिळतं. इथे मात्र ते कोरमंगलातल्या एका लहानशा स्टुडिओत, पडदे ओढलेल्या खोलीत, एका मॉनिटरवर घडत होतं. सोलापूरहून आलेला एक शिकाऊ ॲनिमेटर ते करत होता आणि त्याची लीड, मूळची बेळगावची, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली होती. मी दोघांच्या मागे.

त्याने शॉट चालवला. मुलगी वाकली, उडाली, उतरली. चित्र गोड होतं, पण काहीतरी बिनसलं होतं. लीडने दोनदा बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही मंगळावर उडी मारतीय की!"

मला वाटलं चेष्टा आहे. ते गणित निघालं. सेकंदाला २४ फ्रेम. मुलगी १६ फ्रेम हवेत होती, म्हणजे आठ वर जायला आणि आठ खाली यायला. आठ फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. पृथ्वीवर तेवढ्या वेळात वस्तू साधारण ५४ सेंटिमीटर खाली येते. त्याची मुलगी उंचीच्या टोकावरून फक्त २१ सेंटिमीटर खाली येत होती. एवढ्या सावकाश पडायचं तर गुरुत्वाकर्षण आपल्या चाळीस टक्क्यांहून कमी हवं, आणि ते खरोखरच मंगळाच्या जवळपास येतं. या धंद्यात अशा उडीला 'फ्लोटी' म्हणतात. प्रेक्षकाला आकडे ठाऊक नसतात, पण जन्मभर वस्तू पडताना पाहिलेल्या असतात, त्यामुळे त्याला ते लगेच कळतं.

"ताई, पण स्लो केलं की उडी नीट दिसते ना?" मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. २१ सेंटिमीटरसाठी खरा हिशेब वर पाच फ्रेम, खाली पाच, एकूण दहा. म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. एवढ्यात प्रेक्षकाला दिसणार काय?

लीडचं म्हणणं मला त्या दिवसातलं सगळ्यात कामाचं वाटलं: हवेतल्या दहा फ्रेम आपल्या नाहीतच. तिथे ॲनिमेटरला हात घालायला फारशी जागा नाही. उडी दिसते ती आधीच्या वीस फ्रेममध्ये आणि नंतरच्या सतरा फ्रेममध्ये.

त्या फ्रेम भरायच्या, डिस्नेच्या स्टुडिओत १९३० च्या दशकात मुरलेल्या युक्त्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या तिथल्याच दोन ॲनिमेटरांनी १९८१ मध्ये 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या ग्रंथात बारा तत्त्वं म्हणून मांडल्या. भारतात ही विद्या पुस्तकाच्या पुष्कळ आधी आली. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखी माणसं तिथे तयार झाली. बंगळूरुत ती संगणकाच्या वाटेने पोचली. 'पेंग्विन्स ऑफ मादागास्कर' सारख्या ड्रीमवर्क्सच्या चित्रपटांचं बरंच काम या शहरात झालं. बाराही तत्त्वं एका उडीत सापडतील, पण त्या दुपारी भांडण तिघांशीच होतं: अँटिसिपेशन, स्क्वॉश अँड स्ट्रेच आणि फॉलो थ्रू.

आधी हवेतलं उरकून घेतलं. लीडने `Translate Y` चा आलेख उघडला. कमरेचा कंट्रोल २१ व्या फ्रेमला जमीन सोडणार, २६ व्या फ्रेमला सर्वांत वर, ३१ व्या फ्रेमला पाय टेकणार. वरून खाली येतानाची अंतरं प्रत्येक फ्रेमला वाढत जातात, एकास तीन, पाच, सात, नऊ या प्रमाणात. २१ सेंटिमीटरची वाटणी करायची तर पहिल्या फ्रेमला जेमतेम एक सेंटिमीटर, मग अडीच, चार, सहा, साडेसात. म्हणजे टोकाशी ती जरा रेंगाळल्यासारखी वाटते आणि जमिनीशी सर्वांत वेगात असते.

सॉफ्टवेअरला मात्र दोन कीमधली रेघ गुळगुळीत करायची खोड. ३१ व्या फ्रेमच्या कीपाशी त्याने वक्र अलगद आडवा करून ठेवला होता. त्यामुळे मुलगी जमिनीच्या जवळ येताना हळू होई आणि गादीवर उतरल्यासारखी टेकायची. लीडने तिथला टँजंट तोडला आणि वक्राला टोकदार कोपरा दिला. पुन्हा चालवल्यावर पाय 'टेकले' असं पहिल्यांदा वाटलं. आवाज नव्हता, तरी ऐकू आल्यासारखं झालं.

मग आधीच्या वीस फ्रेम. मुलाने अँटिसिपेशन केलं होतं, पण सरळ उभी मुलगी सरळ खाली वाकत होती, बस. लीडने क्रम बदलला. आधी नुसते डोळे: पाण्याच्या पलीकडच्या काठावर. तीन-चार फ्रेमनंतर मान. मग सहाव्या फ्रेमला टाचा किंचित उचलून ती वर होते, म्हणजे खाली जाण्यापूर्वीही एक छोटी उलटी हालचाल. चौदाव्या फ्रेमला गुडघे वाकलेले, कंबर मागे, आणि तिथून सतराव्यापर्यंत ती पूर्ण थांबत नाही, केसभर खाली दबतच राहते. पूर्ण थांबली तर संगणकातली बाहुली गोठल्यासारखी दिसते. प्रेक्षकाची नजर याच तीन-चार फ्रेममध्ये तिच्यावर स्थिरावते, म्हणून पुढच्या दहा फ्रेम त्याला पुरतात. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

इथे एक अडचण निघाली. दिग्दर्शकाला मुलीचे अंगठे दप्तराच्या पट्ट्यांत अडकवलेले हवे होते, शाळकरी मुलं धरतात तसे. पण माणूस उडी मारताना हात मागे नेऊन पुढे झोकतो, त्या झोक्याने उडीला बळ मिळतं. हात बांधले की उडी लुळी दिसते. मग कोपरांवर काम काढलं. वाकताना कोपरं मागे पंखांसारखी उघडतात, उडताना अंगाशी मिटतात. दप्तराच्या वजनामुळे वाकताना छातीही नेहमीपेक्षा पुढे झुकवली, नाहीतर तोल मागे गेला असता. हे बरोबर आहे का ते तपासायला लीडने मुलाला पार्किंगमध्ये पाठवलं, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. त्याने उड्या मारल्या, मी फोनवर चित्रण केलं. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेत होता, तेव्हा तिथे हवेतल्या मोजलेल्या १२-१३ फ्रेम म्हणजे इथल्या दहा. नवखी मुलं हे रूपांतर विसरतात आणि फोनवरचे आकडे जसेच्या तसे उतरवतात, असं ती म्हणाली.

स्क्वॉश अँड स्ट्रेच या शैलीत जपून वापरावा लागतो. कार्टून मुलगी असती तर उतरताना पोळीसारखी चपटली असती तरी चाललं असतं. ही अर्धी खरी दिसणारी. म्हणून एक नियम: कवटी कधी दबत नाही, दबतो तो कणा, पोट आणि गाल. आणि आकारमान तेच राहतं. उंचीला ०.९ ने गुणलं तर उरलेल्या दोन दिशांना किती, याचं सूत्र त्यांनी कंट्रोलमध्येच बांधून ठेवलं होतं:

```
scaleX = scaleZ = 1 / sqrt(scaleY)
```

म्हणजे ०.९ ला सुमारे १.०५. हे जुळवलं नाही तर मुलगी दबण्याऐवजी क्षणभर लहान होते, आणि पाहणाऱ्याला कॅमेरा हलल्याचा भास होतो. ताण द्यायचा तो जमीन सोडताना, २० आणि २१ या फ्रेममध्ये: पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एक तिरकी रेघ. सर्वांत वरच्या जागी आकार मूळचा. मुलाने हवेत असेपर्यंत ताण तसाच ठेवला होता, त्यामुळे ती रबराची वाटत होती. उतरतानाही एक बारकावा आहे. पाय टेकतात त्याच फ्रेमला दाबायचं नाही. ३१ व्या फ्रेमला पाय अजून लांब, फक्त टेकलेले, आणि दाब पुढे सरकत ३५ व्याला पुरा होतो. लांब आणि आखूड यांतला हा फरक जितका स्वच्छ, तितकं वजन जास्त. लीडची कसोटी साधी होती: चालू शॉटमध्ये दाब जाणवला पाहिजे, पण दिसायला मात्र तो थांबवलेल्या फ्रेममध्येच दिसावा.

फॉलो थ्रूला सर्वांत वेळ गेला, आणि तो दप्तराने खाल्ला. मी विचारलं, कपडे आणि केस संगणक आपोआप हलवतो ना, मग दप्तर का नाही? फ्रॉकचं ते तसंच होणार होतं, पुढच्या विभागात. पण सिम्युलेशन अंगाची हालचाल ठरलेली धरून चालतं. दप्तर खांदे ओढतं हे त्याला कळत नाही, कारण अंग हलवायची परवानगी त्याला नाही. म्हणून वजनदार वस्तू हाताने करायची.

अंग वर निघालं तेव्हा दप्तर दोन फ्रेम मागे राहिलं, पट्ट्या ताणल्या. हवेत पट्ट्या सैल पडल्या आणि दप्तर पाठीपासून बोटभर सुटलं. ३१ व्या फ्रेमला पाय टेकले तरी दप्तर पडतच होतं. कंबर ३५ व्याला तळाशी आणि दप्तर ३८ व्याला. त्या तीन फ्रेममध्ये कंबर वर यायला लागलेली असताना खांदे मात्र अजून खाली ओढले जातात. शिवाय दप्तराला पुढचाही वेग आहे. ते पाठीवर आदळतं आणि मुलगी अर्धं पाऊल पुढे जाते. हे अर्धं पाऊल स्टोरीबोर्डमध्ये नव्हतं, वजनाने ते आणलं. दिग्दर्शकाने ते ठेवलं.

वेण्यांना मुळाशी, मध्ये आणि टोकाला असे तीन कंट्रोल. मूळ डोक्याबरोबर, मधला दोन फ्रेम उशिरा, टोक आणखी दोन. दोन्ही वेण्या एकदम हलत होत्या, तेव्हा उजवीला एक फ्रेम मागे ढकललं. एवढ्यानेच ती खेळण्यातली वाटायची थांबली. शॉट ४८ व्या फ्रेमला संपतो तेव्हा अंग स्थिर झालेलं असतं, डाव्या वेणीचं टोक अजून किंचित परतत असतं. ते पूर्ण थांबवायचा मोह मुलाला झाला होता. लीडने थांबवू दिलं नाही, कारण कट चालत्या हालचालीवर पडला की खटकत नाही.

संध्याकाळी पुढचा शॉट उघडला. त्याच डबक्यावरून मुलीचा धाकटा भाऊ उडी मारणार, दप्तराविना, घाबरत घाबरत. मुलाने आधी हवेतला हिशेब केला: उंची १७ सेंटिमीटर, फ्रेम नऊ. उडी मारण्याआधीच्या घुटमळण्याला त्याने साठ फ्रेम मागितल्या. लीड म्हणाली, "साठ? बघ की, दोन खोट्या उड्याबी बसतील त्यात." आणि दिग्दर्शकाकडे शॉटची लांबी वाढवून मागायला उठली.